सहा हजार फॉलोअर आणि अडीचशे व्ह्यूज : माझा अनुभव

तीन महिन्यांचं पॅकेज, १८,००० रुपये. त्यात रोज एक रील, तीस हॅशटॅग, 'पीक टाइम'ला पोस्टिंग आणि 'ऑरगॅनिक ग्रोथ', म्हणजे विकत न घेता आपसूक वाढणारे फॉलोअर. हे पैसे सोशल मीडिया सांभाळणाऱ्या ज्या एजन्सीला दिले तिचं नाव इथे घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. माझ्यासारख्या घरून क्लास घेणाऱ्या बायका याच जागी येऊन अडकतात.

मी मिरजेत चौदा वर्षं ब्लाउज कटिंग शिकवते. इन्स्टाग्रामवर पेज होतं, १,४०० फॉलोअर होते. बहुतेक माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, त्यांच्या बहिणी, जावा. व्हिडिओला सातशे-आठशे व्ह्यूज यायचे. ते वाढावेत म्हणून जानेवारी २०२५ मध्ये एजन्सी लावली. मार्चअखेर फॉलोअर ६,१०० झाले आणि व्ह्यूज अडीचशेवर आले. एखादा व्हिडिओ २३०, एखादा २७०, त्यापुढे काटा हलेना. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मॅडम, अल्गोरिदम बदललाय, थोडं थांबा." दोन महिने हेच ऐकलं.

माझे व्हिडिओ एजन्सी यूट्यूबवरही टाकायची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मोठ्या आनंदाने कळवलं की यूट्यूब शॉर्ट्सवर तुमचे व्ह्यूज भराभर वाढतायत. मीही खूश झाले, मैत्रिणींना पेढे द्यायचे बाकी राहिले होते. नंतर कळलं की ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धतच बदलली होती. आधी काही क्षण पाहिल्याशिवाय व्ह्यू धरला जात नव्हता, आता व्हिडिओ नुसता सुरू झाला की एक व्ह्यू. जुन्या पद्धतीचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने ॲनालिटिक्समध्ये वेगळा दिसतो. तो उघडून पाहिला तर जैसे थे. कुणी शॉर्ट्सच्या व्ह्यूजचा रिपोर्ट आणून दिला तर आधी हा आकडा मागा.

मे महिन्यात भाची सुट्टीला आली. ती पुण्यात डेटाचं काम करते. तिने माझा फोन घेतला आणि व्ह्यूज बघायच्या आधी फॉलोअरच्या शहरांची यादी उघडली. सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे एवढंच तिथे असायला हवं होतं. वरची तीन नावं परदेशातल्या शहरांची होती. "मावशी, तुझे फॉलोअर विकत घेतलेत," ती म्हणाली. मी गप्प बसले. पैसे मीच मोजले होते.

माझी समजूत अशी की खोटी खाती म्हणजे मेलेली खाती, ती असली काय नि नसली काय. तिने सांगितलं, मेलेली असती तर परवडलं असतं. जे खातं कुणी उघडतच नाही त्याला व्हिडिओ दाखवला जात नाही, म्हणून त्याने फारसं बिघडतही नाही. बिघडवतात ती जिवंत खाती. मोबदल्यासाठी शेकडो पेजं फॉलो करणारी, मराठीचा गंध नसलेली माणसं. त्यांच्यासमोर माझा ब्लाउज येतो आणि ती पहिल्याच सेकंदाला अंगठा वर सरकवतात. त्यात कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपच्या मशिनला वाटतं की हे पेज अशा लोकांचं आहे, म्हणजे त्यांच्यासारख्याच आणखी लोकांना दाखवून बघू. माझ्या व्हिडिओंच्या आकडेवारीत फॉलोअर नसलेले प्रेक्षकही त्याच परदेशी देशांतले निघाले, तेव्हा मला ते पटलं. एजन्सीने इंग्रजी कॅप्शन आणि हिंदी गाणी लावून त्यात भर घातली होती. मराठी बाईपर्यंत पोचायचं तर कॅप्शन, पडद्यावरची अक्षरं आणि बोलणं तिन्ही मराठीत हवं. हा व्हिडिओ कुणासाठी आहे, याचे मशिनला मिळणारे पहिले धागे तेच.

हे नीट समजावं म्हणून भाचीने मशिनचं हे निवडीचं काम मला दोन टप्प्यांत सांगितलं. यूट्यूबच्या इंजिनिअरांनी २०१६ मध्ये एका शोधनिबंधात हीच दोन टप्प्यांची रचना मांडली होती. पहिल्या टप्प्यात प्रचंड ढिगातून एका माणसासाठी काहीशे व्हिडिओ बाजूला काढले जातात. त्याने आधी काय पाहिलं, त्याच्यासारख्या लोकांनी काय पाहिलं, यावरून. दुसऱ्या टप्प्यात त्या प्रत्येकाबद्दल अंदाज बांधला जातो : हा माणूस हे किती वेळ बघेल, लाइक करेल का, कुणाला पाठवेल का, की सरकवून देईल. अंदाजांची गोळाबेरीज होऊन क्रम लागतो. दुकानदार आधी कपाटातून पाच-दहा थान काढून गादीवर टाकतो आणि मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत एकेक उलगडतो, तसंच. नव्या व्हिडिओचा मागचा इतिहास नसतो, म्हणून तो आधी थोड्या लोकांपुढे ठेवला जातो. ते थांबले तर पुढचा, मोठा घोळका. नाही थांबले तर तिथेच थांबतो. माझे अडीचशे म्हणजे तो पहिला घोळका.

आता माझं सगळ्यात जास्त डोकं कुठे अडलं ते सांगते. माझ्या अडकलेल्या व्हिडिओंना लाइक भरपूर होते! मुंढ्याजवळ पडणाऱ्या चुणीवरचा एक व्हिडिओ घ्या. २५० व्ह्यूज, ३१ लाइक. शंभरात बारा. एजन्सीवाला म्हणायचा, "एंगेजमेंट उत्तम आहे, मॅडम, रीच आपोआप येईल." मलाही तेच वाटायचं. लोकांना आवडतंय, मग ॲप पुढे का नेत नाही? ऑफिसातली फाइल सगळ्या सह्या होऊनही टेबलावर पडून राहते तसं वाटायचं. रात्री झोपण्याआधी आकडा बघायचा, सकाळी उठून पुन्हा बघायचा.

त्या एकतीस जणी कोण होत्या ते एकदा नावानिशी वाचलं. सगळ्या माझ्या विद्यार्थिनी आणि नात्यातल्या बायका. त्यांनी व्हिडिओ पाहून लाइक केलं नव्हतं, माझं नाव पाहून केलं होतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की क्रमवारीत तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या : किती वेळ पाहिलं, पोचलेल्या लोकांच्या प्रमाणात लाइक किती आणि त्याच प्रमाणात पुढे पाठवलं किती जणांनी. लाइकचं वजन ओळखीच्या, म्हणजे फॉलोअर लोकांत थोडं जास्त आणि अनोळखी लोकांपर्यंत जायचं तर पाठवण्याचं वजन जास्त, असंही ते म्हणाले. माझा व्हिडिओ पाठवला होता दोघींनी. लाइकच्या कागदावर मी पास होते, पण अनोळखी लोकांकडे नेणारा कागद कोराच होता.

मग वेळेचा आलेख उघडला. रीलच्या इनसाइट्समध्ये तो असतो. किती जण कोणत्या सेकंदापर्यंत टिकले त्याची उतरती रेघ. व्हिडिओ ५८ सेकंदांचा, सरासरी पाहिला ८ सेकंद. तिसऱ्या सेकंदाला शंभरातले चाळीसच उरले होते. त्या तीन सेकंदांत काय होतं? एजन्सीने बनवलेला फिरणारा लोगो आणि "नमस्कार मैत्रिणींनो, आपलं स्वागत आहे". चुणी दिसायची अकराव्या सेकंदाला. ज्या बाईला त्याच चुणीचा त्रास होता ती तोवर केव्हाच निघून गेली होती. चौदा वर्षं वर्गात नमस्काराने सुरुवात केली, तिथे कुणी उठून जात नाही. इथे मात्र बाई दारातच उभी असते.

तोच विषय मी पुन्हा चित्रित केला, या वेळी २६ सेकंदांत. पहिल्याच क्षणी माझी दोन बोटं ती चुणी चिमटीत धरतात आणि वाक्य येतं : "ही चुणी बाहीमुळे नाही, खांद्यामुळे पडते." मग खांद्याची शिलाई बाहीच्या टोकाला पाव इंच आत घ्यायची आणि गळ्याकडे शून्यावर आणून सोडायची, एवढंच. शेवटी ब्लाउज अंगावर, चुणी नाही. खांदे उतरते असतील तेव्हाचा हा उपाय आहे, हे व्हिडिओतही म्हटलंय. कारण चुकीचा सल्ला पसरण्यापेक्षा व्हिडिओ अडकलेला बरा.

विकतच्या फॉलोअरचा अडथळा होताच. त्यावर भाचीने ट्रायल रील वापरायला लावलं. ही सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये आणली. ट्रायल म्हणून टाकलेली रील आधी फक्त फॉलोअर नसलेल्यांना दाखवली जाते. खातं प्रोफेशनल लागतं आणि सुरुवातीला किमान १,००० फॉलोअरची अट होती. माझ्या खोट्या गर्दीला वळसा घालायचा हाच एक रस्ता होता.

नवा व्हिडिओ तसाच टाकला. चोवीस तासांनी ४३० व्ह्यूज. पण मी आधी आलेख पाहिला. तिसऱ्या सेकंदाला शंभरातल्या एकाहत्तर जणी टिकल्या होत्या, सरासरी १८ सेकंद. तिसऱ्या दिवशी २,६००, तेव्हा ती सगळ्यांसाठी खुली केली. नवव्या दिवशी ३८,०००. लाइक साधारण ११००, म्हणजे शंभरात तीन, जुन्या व्हिडिओच्या चौथाई! पाठवलं मात्र नऊशेंहून जास्त जणींनी. बायकांनी आपल्या शिंप्याला पाठवलं, जावेला पाठवलं. अकरा जणी क्लासला आल्या, त्यातल्या एकीलाही मी आधी ओळखत नव्हते. तो आकडा पाहून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले, हे लिहायला मला लाज नाही.

एक सांगायचं राहिलं. एजन्सी एका ॲपवरून उतरवलेला व्हिडिओ त्याच्या शिक्क्यासकट दुसऱ्यावर टाकायची. दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणाऱ्या रील आम्ही कमी दाखवू, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलंय. मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तीच टाका.

फॉलोअर काढायचं काम अजून चालू आहे. मुलगी आणि मी जेवणानंतर अर्धा तास बसतो, यादीतून एकेक खातं काढतो. एकदम भराभर काढले की ॲप थांबवतं, म्हणून सावकाश. ६,१०० चे ३,८०० झालेत. आकडा उतरताना आधी पोटात कालवायचं, आता नाही. आणि ३८,००० च्या पुढच्याच व्हिडिओला ३१० मिळाले. मागच्याची पुण्याई पुढच्याला लागत नाही, प्रत्येकाला पहिल्या घोळक्यापासूनच जावं लागतं. अस्तर लावण्यावरचा होता तो. आलेख चौथ्या सेकंदाला कोसळलाय, तिथे मी बोलत बोलत कात्री शोधतेय. तेवढा तुकडा कापून उद्या पुन्हा ट्रायलला टाकणार आहे.