चुकीचं उत्तर नेमकं कुठे बिघडलं?

आमचं ॲप कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना कंपनीच्या नियमावलीतून उत्तरं देतं: आधी जुळणारे उतारे शोधतं, मग ते भाषा मॉडेलला देऊन उत्तर लिहून घेतं. एकानं विचारलं, "प्रोबेशनमध्ये राजीनामा दिला तर नोटीस पिरियड किती?" उत्तर आलं ९० दिवस. नियम ३० दिवसांचा आहे. नोकरी सोडणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

"मॉडेलनं मनानं ठोकून दिलं," असं सगळे म्हणाले. मला ते पटेना, पण खोडूनही काढता येईना, कारण लॉगमध्ये फक्त प्रश्न आणि उत्तर होतं. मधल्या टप्प्यांचा मागमूस नव्हता.

म्हणून आधी प्रत्येक विनंतीला एक ट्रेस आयडी दिला आणि तो उत्तराखाली दाखवला, म्हणजे तक्रारीबरोबर तोही येतो. मग त्या आयडीखाली प्रत्येक टप्प्याचा वेगळा स्पॅन नोंदवला: शोधासाठी वापरलेलं वाक्य, सापडलेले उतारे आणि त्यांचे गुण, मॉडेलची आवृत्ती, उत्तरात किती फरक पडू द्यायचा ते ठरवणारं टेम्परेचर, आणि मॉडेलकडे प्रत्यक्ष गेलेला संपूर्ण प्रॉम्प्ट. यातला शेवटचा सगळ्यात मोलाचा. नुसता साचा साठवला, तर त्यात ऐन वेळी काय भरलं गेलं ते कधीच कळत नाही.

तोच प्रश्न पुन्हा चुकला तेव्हा ट्रेस हाताशी होता. शोध बरोबर झाला होता. प्रोबेशनचा उतारा चौथ्या क्रमांकावर होता. प्रॉम्प्टमध्ये मात्र तीनच उतारे. त्यांत कायम कर्मचाऱ्यांचा ९० दिवसांचा नियम होता आणि मॉडेलनं तो इमानानं सांगितला होता.

चौथा गळला तो टोकनच्या, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोडून वाचतं त्यांच्या, मर्यादेमुळे. ती मर्यादा इंग्रजी कागदपत्रांवरून ठरवलेली होती. बहुतेक टोकनायझर तेवढ्याच मजकुराला देवनागरीत बरेच जास्त टोकन लावतात, त्यामुळे मराठी नियमावलीत तीन उताऱ्यांतच जागा संपत होती, आणि उरलेलं कुठलीही सूचना न देता कापलं जात होतं.

हा निव्वळ योगायोग नाही ना, हे तपासायला साठवलेला प्रॉम्प्ट जसाच्या तसा पुन्हा चालवला, मग फक्त चौथा उतारा घालून. दोन्ही अनेकदा चालवले. टेम्परेचर शून्य असलं तरी उत्तर दर वेळी तेच येईल याची खात्री नसते. उतारा नसताना ९०, असताना ३०. असं दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय मी कारण सापडलं म्हणत नाही.

मर्यादा वाढवली, आणि काटछाटीची नोंदही सुरू केली:

```
{"span": "prompt_build",
 "included": ["hr-12", "hr-07", "hr-31"],
 "dropped": ["hr-19"],
 "reason": "token_budget"}
```

आता `dropped` रिकामं नसलेले ट्रेस वेगळे काढता येतात, तक्रार येण्याआधीच. पूर्ण प्रॉम्प्टमध्ये लोकांची खासगी माहिती असते, म्हणून नावं आणि कर्मचारी क्रमांक झाकूनच तो साठवतो आणि ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतो. त्यामुळे जुन्या तक्रारीचा माग कधी कधी अर्धवटच लागतो, पण ते मला मान्य आहे.