आमची वाटचाल : पाचोळ्याचं खत आणि एक थर्मामीटर

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मित्र रोज सकाळी फिरायला जायचो. एकदा बागेच्या कोपऱ्यात पाचोळा आणि कापलेलं गवत लोटून ठेवलेल्या ढिगातून वाफ निघताना दिसली. मित्राची नोकरी बॉयलरवर गेलेली. त्याने ढिगात हात घातला आणि झटकन काढून घेतला. "अरे, पन्नासच्या वर आहे हा!" उरलेली फेरी, असं खत करून विकायचं तर जागा कुठे मिळेल आणि गवत कोण देईल याच बोलण्यात गेली.

पाचोळा अख्खा रचला तर पानं एकमेकांना चिकटतात, हवा कोंडते आणि ढिगाला घाण सुटते. म्हणून आधी तुकडे करायचे. मग तीन घमेली पाचोळ्याला एक घमेलं ताजं गवत किंवा शेण, कारण नुसत्या पाचोळ्यात नत्र कमी असतं आणि कुजणं रखडतं. ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच तरी हवा, नाहीतर ऊब टिकत नाही. ओलावा मुठीत पाहायचा. पिळल्यावर एखाददुसरा थेंब पुरे.

लांब दांड्याचा थर्मामीटर मित्र अजून कुणाच्या हाती देत नाही. आत ५५ ते ६५ अंश असेल तर ढिगाला हात लावायचा नाही. ६५ ओलांडलं किंवा ४५च्या खाली उतरलं की उलथायचा, बाहेरचं आत. उलथूनही तापेनासा झाला की पुढे दोन महिने मुरू द्यायचा.

या दोन महिन्यांनीच आमचं दुकान उठायची वेळ आणली. एक स्पर्धक महिनाभरात काळंभोर, चाळलेलं खत देऊ लागला आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. मग त्यांची रोपं खालच्या पानांपासून पिवळी पडली. अर्धकच्च्या खतातले जीवाणू मातीतलं नत्र स्वतःच ओढून घेतात, रोपाला काय उरणार? बोल मात्र लागला सगळ्याच पाचोळ्याच्या खताला, म्हणजे आम्हालाही. तो राग अजून गेलेला नाही.

रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई तेवढ्या आमच्याकडे टिकल्या. त्यांनी तीन कुंड्या मांडल्या. एकीत नुसती माती, दुसरीत आमचं खत, तिसरीत त्याचं. खत मुद्दाम निम्मी कुंडी भरेल इतकं घातलं, म्हणजे दोष लपायला नको. प्रत्येकीत मुळ्याचं दहा-दहा बी. मातीत नऊ उगवली, आमच्या खतात नऊ, त्याच्यात चार, आणि त्या चारांचीही मुळं टोकाला तपकिरी. कुंड्या त्यांनी गल्ल्याशेजारीच ठेवल्या. आमची मागणी तिथून पुन्हा सुरू झाली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. खताच्या रंगावर जाऊ नका. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर माल कच्चा. मातीचा वास आला तर खुशाल घ्या, पण कुंडीत चौथ्या हिश्श्याच्या वर घालू नका. मुरलेल्या खतातही क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत.