सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे, त्याचं काय?

"माझी दहावीपासून पदवीपर्यंतची सगळी सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची आहेत आणि आधार-पॅनवर सासरचं नाव आहे. नव्या कंपनीची व्हेरिफिकेशन एजन्सी विचारतेय. त्यांना काय लिहून देऊ?"

अशाच एका एजन्सीत शिक्षणाच्या नोंदी पडताळण्याचं काम मी करते, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते. नाव का बदललं याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. पदवी घेतलेली बाई आणि आज नोकरीला लागणारी बाई एकच आहे, एवढंच कागदावरून दिसायला हवं.

घोटाळा बहुतेक वेळा फॉर्म भरतानाच होतो. शिक्षणाच्या रकान्यात लोक आजचं नाव टाकतात. आम्ही तेच नाव, सीट नंबर आणि वर्ष विद्यापीठाकडे पाठवतो. त्यांच्या रजिस्टरला त्या नंबरापुढे दुसरंच नाव असतं, मग उत्तर येतं, 'नोंद जुळत नाही'. पदवी खरी असून रिपोर्टवर शेरा पडतो. म्हणून शिक्षणाच्या रकान्यात नाव सर्टिफिकेटवर छापलंय तसंच्या तसं लिहायचं, बोर्डाने आडनाव आधी छापलं असेल तर तेही त्याच क्रमाने. आजचं नाव वैयक्तिक माहितीत, आणि 'आधीचं नाव' असा रकाना असेल तर तो कधीही रिकामा सोडायचा नाही. उमेदवारावर कुठे खटला आहे का, हेही पडताळणीत बघतात. कोर्टाच्या नोंदी नावावरूनच शोधाव्या लागतात, त्यामुळे तिथे दोन्ही नावं तपासली जातात. एक नाव सांगितलं नाही आणि ते नंतर दुसऱ्या कागदावर दिसलं, तर साध्या गोष्टीला लपवाछपवीचा वास येतो.

आता दोन नावं जोडणारा कागद. समजा, सर्टिफिकेटवर 'पाटील सुनीता विलास' आहे आणि आज तुम्ही 'सुनीता समीर जोशी' आहात. इथे विवाह नोंदणीचा दाखला सहसा पुरतो. खरं तर आपल्याकडच्या दाखल्यावर वधूचं लग्नाआधीचंच नाव असतं, नवं नाव त्यावर कुठेच नसतं. पण सुनीता तीच, नवऱ्याचं नाव समीर जोशी, त्यामुळे तपासणाऱ्याला दुवा सापडतो.

पण लग्नात तांदळात नाव लिहून सुनीताची रेवती झाली असेल, तर? मग आज आधारवर 'रेवती समीर जोशी' असतं आणि विवाहाच्या दाखल्यावर 'सुनीता विलास पाटील'. समीर जोशींची पत्नी सुनीता आहे एवढंच तो दाखला सांगतो. रेवती म्हणजे तीच, हे त्यात कुठेच नाही. इथे लागतं राजपत्र, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो ते. महाराष्ट्रात शासन मुद्रण संचालनालयाच्या dgps.maharashtra.gov.in या साइटवरून नावबदलाचा अर्ज करता येतो. अर्जातलं जुनं नाव सर्टिफिकेटवरून आणि नवं नाव आधारवरून इंग्रजी स्पेलिंगसकट उतरवा. Suneeta आणि Sunita एवढ्या फरकानेही पुन्हा विचारणा होते. नोटरीचं प्रतिज्ञापत्र काही कंपन्या चालवून घेतात, पण तुमचं म्हणणं तुम्हीच शपथेवर सांगितलेलं असतं. पूर्ण नाव बदललं असेल तर माझा भर गॅझेटवरच. ते छापून यायला वेळ लागतो, तेव्हा ऑफर हातात येण्याची वाट बघू नका.

दहावीचे कागद जपून जोडा. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख असते आणि गुणपत्रिकेवर आईचं नाव. नाव पूर्ण बदललं तरी या दोन गोष्टी बदलत नाहीत, आणि जन्मतारीख आधार-पॅनशी लगेच ताडून बघता येते.

आधीची नोकरी माहेरच्या नावावर केली असेल तर त्या कंपनीचा एम्प्लॉयी कोड आणि तेव्हाचं नाव द्या. पीएफच्या खात्यावर अजून जुनं नाव असेल तर तेही आधीच सांगा.

एजन्सीला पाठवायचं पत्र चार ओळींचं पुरे: जुनं नाव, नवं नाव, कधी बदललं, कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे, आणि 'दोन्ही नावं माझीच आहेत'. खाली आजची सही, सोबत जोडकागद. घटस्फोटानंतर माहेरचं नाव पुन्हा घेतलेल्या बायका कधीकधी कोर्टाचा अख्खा निकाल पाठवतात. गॅझेट असेल तर त्याची काही गरज नाही. त्यात तुमच्या संसाराचं जे काही लिहिलेलं असतं, ते माझ्यासारख्या अनोळखी माणसाने वाचायचं कारण नाही. गॅझेट नसेल तर पूर्ण निकाल पाठवण्याआधी फक्त नावाचा उल्लेख असलेली पानं चालतील का, ते विचारा.

एवढं करूनही रिपोर्ट पिवळा आला, तर घाबरू नका. नावात फरक आढळला, कंपनीने बघावं, इतकाच बहुतेकदा त्याचा अर्थ असतो. तेच पत्र आणि गॅझेटचं ते पान थेट एचआरला मेल करा, कारण शेवटचा निर्णय कंपनीचा असतो, आमचा नाही.