नकारानंतरचं पत्र: कांदाचाळीच्या यंत्राची एक केस

पुण्याच्या एका गुंतवणूक फंडाकडून पैसे घालायला नकार आला तो चार ओळींचा होता. टीम आवडली, प्रश्न खरा आहे, पण आमच्यासाठी जरा लवकर होतंय, थोडं ट्रॅक्शन दिसलं की पुन्हा बोलू. फाउंडर निफाड तालुक्यातला, वर्कशॉप अंबड एमआयडीसीत. उत्पादन म्हणजे कांदाचाळीत बसवायचं यंत्र. ते तापमान, आर्द्रता आणि सडीतून निघणारे वायू मोजतं, गरज पडली की पंखे चालू करतं आणि कोणत्या कप्प्यात सड लागली ते मोबाइलवर कळवतं. २५ टनांच्या चाळीसाठी किंमत १८ हजार रुपये, आणि पहिल्या हंगामात ४२ यंत्रं गेली होती. नाशिकच्या अशा छोट्या कंपन्यांचे गुंतवणुकीचे कागद आणि पत्रव्यवहार तपासणं हे माझं काम, म्हणून नकाराला द्यायच्या उत्तराचा मसुदा आधी माझ्याकडे आला.

मसुदा दीड पानाचा होता. पहिल्या अर्ध्यात ‘लवकर’ हे कसं बरोबर नाही याचा युक्तिवाद, सोबत गुंतवणूकदारांना दाखवायचा सुधारलेला डेक जोडलेला, आणि शेवटी विनंती: तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाशी ओळख करून द्या.

तिन्ही काढायला लावलं. युक्तिवादाने निर्णय फिरत नाही. उलट हा माणूस खरं सांगितलं की वाद घालतो, एवढंच समोरच्याला कळतं. नवा डेक जोडला की पत्राचा अर्थ ‘पुन्हा विचार करा’ असा होतो, आणि मग उत्तर म्हणून दुसरा गुळगुळीत नकार येतो. ओळखीची विनंती सगळ्यात महागात पडते. ज्याने स्वतः पैसे घातले नाहीत त्याने शिफारस केली, तर पुढचा गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारतो: तुम्ही का नाही घातले?

‘लवकर होतंय’ हे बहुतेक वेळा कारण नसतं, सभ्य झाकण असतं. गुंतवणूकदाराचीही बाजू आहे. लिहिलेलं वाक्य कुठेही फॉरवर्ड होऊ शकतं, आणि पुढच्या वर्षी हीच कंपनी जोरात निघाली तर दार उघडं असावं असं त्यालाही वाटतं. म्हणून ‘नकाराचं खरं कारण सांगाल का?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. त्यासाठी समोरच्याला निबंध लिहावा लागतो, आणि तोही वाईट बातमीचा. आपल्या दुखऱ्या जागा आपणच पुढे ठेवल्या आणि यातली कोणती जड गेली एवढंच विचारलं, तर उत्तर दोन ओळींत देता येतं. शिवाय आपण ऐकायला तयार आहोत हेही दिसतं.

दुखरी जागा कोणती, हे मीटिंगमधल्या प्रश्नांवरूनच कळतं. फाउंडरच्या भागीदाराने टिपणं नीट ठेवली होती. तंत्राबद्दल एक-दोन प्रश्न आणि विषय संपला. दोन गोष्टी मात्र फंडाच्या लोकांनी फिरून फिरून विचारल्या होत्या. एक, सगळी विक्री उन्हाळ कांदा चाळीत भरतानाच होते. मग उरलेलं वर्ष काय? दुसरी, भाव पडलेल्या वर्षी शेतकरी यंत्रावर खर्च करेल का? दोनदा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे पहिलं उत्तर पटलेलं नाही. तिसरा पर्याय आम्ही मुद्दाम ठेवला: कारण फंडाच्या बाजूचं असेल, चेकचा आकार किंवा क्षेत्र, तर तेवढंच कळवा. समोरच्याला यातून मानाने निसटता येतं, आणि कारण खरंच तिकडचं असेल तर फाउंडर उगाच स्वतःचं उत्पादन मोडून बसत नाही.

मीटिंग मराठीत झाली होती, म्हणून पत्रही मराठीतच. नकाराचा मेल असोसिएटने पाठवला होता. त्याच थ्रेडमध्ये त्यांना उत्तर आणि पार्टनर मॅडम सीसीमध्ये, कारण आतली चर्चा असोसिएटला माहीत असते, पण मोकळं बोलायची मुभा पार्टनरकडे असते. नकार आला त्याच रात्री उत्तर लिहू नये, शब्दांत कडवटपणा उतरतो. फार उशीरही नको, आठवडाभरात त्यांच्या डोक्यातून तपशील जातो. पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं:

“नमस्कार, स्पष्ट आणि वेळेत कळवल्याबद्दल आभार. निर्णय समजला, तो बदलावा म्हणून हे लिहीत नाही. यंत्र विकण्याऐवजी हंगामापुरतं भाड्याने का देत नाही, हा मॅडमचा प्रश्न आम्ही अजून घोळवतो आहोत.

एक मदत हवी. तुमच्या चर्चेत सगळ्यात जड काय गेलं: (अ) विक्री दोन महिन्यांतच होते हे, (आ) भाव पडलेल्या वर्षी मागणी टिकेल का ही शंका, की (इ) फंडाच्या बाजूचं काही? एक अक्षर कळवलंत तरी पुरे. यापलीकडचं काही असेल तर तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. फोनवर सोयीचं असेल तर दहा मिनिटं पुरतील.

चाळी रिकाम्या झाल्यावर नोव्हेंबरमध्ये हंगामाचे आकडे पाच ओळींत पाठवले तर चालेल का?”

भाड्याचं वाक्य नुसत्या सौजन्यासाठी नव्हतं. मीटिंगमधली एक नेमकी गोष्ट उचलली की पत्र साच्यातलं वाटत नाही. शेवटच्या प्रश्नाने पुढच्या पत्राची परवानगी मिळते. न विचारता यादीत टाकलेला गुंतवणूकदार दुसऱ्या मेलपासून वाचणं सोडतो. उत्तर आलं नसतं तर दहा दिवसांनी एक आठवण, मग गप्प बसायचं, असं ठरलं होतं.

गरज पडली नाही, मॅडमचा फोन आला. खरी कारणं बहुधा फोनवरच कळतात. उत्तर ‘आ’ होतं, पण त्यामागचा विचार फाउंडरने धरला नव्हता. चाळीत कांदा टिकवण्याचा फायदा पुढे भाव चढला तरच, आणि तो भाव दिल्लीच्या एका अधिसूचनेवर हलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, आणि ते शून्यावर आलं एप्रिल २०२५ मध्ये. अशा वर्षांत सड कमी झाली तरी हातात पैसा दिसत नाही, मग दुसऱ्या वर्षी यंत्र कोण घेणार? सगळी जोखीम एकट्या शेतकऱ्यावर आहे, असं त्यांचं म्हणणं.

फोनवर ‘पण’ या शब्दाला बंदी होती. फाउंडरने फक्त लिहून घेतलं आणि एकच उलटा प्रश्न विचारला: कोणता आकडा दिसला असता तर मत बदललं असतं? उत्तर मिळालं: भाव पडलेल्या हंगामानंतरही पैसे देऊन यंत्र चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण. ‘थोडं ट्रॅक्शन’ यापेक्षा हे कितीतरी कामाचं. नाहीतर फाउंडर ४२ ची शंभर यंत्रं करण्यामागे लागला असता, आणि तेवढ्याने या फंडाचं मत हललं नसतं.

एका गुंतवणूकदाराचं मत म्हणजे बाजाराचं मत नव्हे. म्हणून आधीच्या दोन नकारांची टिपणं काढून पाहिली. एकात हीच शंका वेगळ्या शब्दांत होती, तेव्हा ती गांभीर्याने घ्यायचं ठरलं. आभाराचं पत्र तीन ओळींचं गेलं: ऐकलेला मुद्दा आपल्या शब्दांत, शेतकरी उत्पादक कंपन्यांना हंगामी भाड्याने यंत्रं देऊन पाहणार ही एक कृती, आणि नोव्हेंबरची आठवण. भाड्याचा प्रयोग फसूही शकतो. तसं झालं तर नोव्हेंबरच्या मेलमध्ये तेही लिहायचं ठरलं आहे.

त्या मेलचा साचा तयार आहे. त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे जुना संदर्भ खाली दिसेल. पहिल्या ओळीत मॅडमनी मागितलेला आकडा, मग किती चाळी, भाड्यातून किती आले, किती यंत्रं परत आली आणि का. पैशांची मागणी नाही.