एनपीव्ही मायनस दहा लाख, आणि पुढे वाढवायची जागा

“एनपीव्ही मायनस येतोय, पण पुढे वाढवायला वाव आहे. या ‘पुढे वाढवू’ची किंमत आकड्यात काढायची कशी?”

तुम्ही विचारलंत म्हणून एक केसच घेतो, नुसत्या थिअरीने यात डोक्यात काही राहत नाही. दिंडोरी रोडच्या बाजूला दोन भाऊ आहेत, द्राक्षबागायतदार, त्यांना प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचं युनिट टाकायचं होतं, म्हणजे एक्स्पोर्टवाल्यांना सीझनमध्ये चेंबर भाड्याने द्यायचे. ओळख पटू नये म्हणून आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मी बदलून गोल केलेत.

एकूण खर्च 210 लाख. यातले 8 लाख आजच्या कामाचे नाहीतच, ते पुढच्या तयारीचे आहेत: शेजारची जागा सपाट करून ठेवायची, ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा मोठा घ्यायचा आणि एक बाजू पफ पॅनलची अशी ठेवायची की नंतर पॅनल काढून नवीन चेंबर जोडता येतील. पुढच्या सगळ्या वर्षांची कमाई 17 टक्क्यांनी डिस्काउंट केली की आजची किंमत येते 200 लाख. त्यातून आजचा 210 लाखांचा खर्च वजा केला की उरतो तो एनपीव्ही, मायनस 10 लाख. धाकटा लगेच म्हणाला, “दादा, ते 8 लाख काढून टाक ना, मायनस 2 वर येईल, मग कुठेतरी भाडं थोडं वाढवून दाखवू.” मोठा म्हणाला, “आणि उद्या गर्दी झाली तर चेंबर काय गच्चीवर टाकायचे?”

दोघांचंही बरोबर होतं, फक्त मोठ्याच्या म्हणण्याला आकडा नव्हता.

तो आकडा काढायचा म्हणजे आधी ‘पुढे वाढवू’ नीट बांधून घ्यायचं. यांचं असं ठरलं की पहिला सीझन संपला, म्हणजे साधारण वर्षाने, अजून 100 लाख घालून क्षमता निम्म्याने वाढवता येईल, आणि तसं केलं की युनिटची त्या वेळची किंमतही निम्म्याने वाढेल असं धरलं. वाढवायलाच पाहिजे असं मात्र नाही. विसार देऊन प्लॉट धरून ठेवतात ना, तसंच आहे हे, सौदा नको वाटला तर विसारावर पाणी सोडायचं, बाकी कोणी जबरदस्ती करत नाही. हक्क आहे पण सक्ती नाही, यालाच ऑप्शन म्हणतात.

आता वर्षाने काय होईल याच्या दोनच शक्यता घ्यायच्या, बायनॉमियल म्हणजे दोन शक्यतांच्या पद्धतीत एक पायरी म्हणतात ती हीच. सीझन चांगला गेला, एक्स्पोर्टरनी पुढच्या वर्षाचं बुकिंग आधीच केलं, तर युनिटची किंमत 270 लाख. अवकाळी किंवा गारपिटीने माल गेला, चेंबर रिकामे राहिले, भाव पाडून द्यावे लागले, तर 150 लाख. पहिल्या सीझनला भाडं आणि चालवायचा खर्च बरोबरीत सुटेल असं धरलंय, त्यामुळे मधे हातात पैसे येत नाहीत. येत असते तर हे दोन आकडे ते पैसे धरून घ्यायचे, पण निम्मी वाढ काढताना ते वजा करून मगच निम्मे करायचे, कारण पहिल्या सीझनची कमाई नव्या चेंबरना थोडीच मिळणार आहे.

चांगल्या वर्षी 270 चे निम्मे 135, त्यातून खर्च 100, फायदा 35 लाख. वाईट वर्षी 150 चे निम्मे 75, खर्च 100, म्हणजे 25 लाखांचं नुकसान, म्हणून तेव्हा वाढवायचंच नाही, फायदा शून्य. उणे 25 नाही, शून्य. इथे शून्याऐवजी उणे 25 टाकणारी शीट मी पाहिली आहे, तसं केलं की ऑप्शन उरतच नाही, ती ‘काहीही झालं तरी वाढवणारच’ अशी शपथ होते.

मग हे 35 आणि 0 आज किती किमतीचे? इथेच बहुतेक लोक घसरतात. मोठ्या भावाचा अंदाज होता की चांगलं वर्ष जायची शक्यता 70 टक्के. तो अंदाज आपल्या 200 शी जुळतो सुद्धा: 270 चे 70 टक्के आणि 150 चे 30 टक्के मिळून 234, आणि 234 ला 17 टक्क्यांनी मागे आणलं की बरोबर 200. मग साहजिकच वाटतं की ऑप्शनलाही तेच लावू, 35 चे 70 टक्के म्हणजे 24.5, भागिले 1.17, उत्तर 20.94 लाख. दिसायला अगदी सुंदर, पण चूक.

कारण 17 टक्के हा अख्ख्या युनिटच्या जोखमीचा दर आहे. युनिट वाईट वर्षीसुद्धा 150 लाखांचं राहतं, ऑप्शन वाईट वर्षी थेट शून्य होतो. जास्त जोखमीच्या गोष्टीला कमी जोखमीचा दर लावला की किंमत फुगणारच. बरं, मग ऑप्शनला दर कुठला लावायचा? तो आधी कळत नाही, आणि म्हणूनच बायनॉमियलची वाट घ्यायची, ती 1979 मध्ये कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी शेअरच्या ऑप्शनसाठी मांडली. (प्रकल्पांच्या बाबतीत रिअल ऑप्शन हा शब्द त्याच्या दोन वर्षं आधी स्टुअर्ट मायर्सनी वापरला होता.)

वाट अशी की ऑप्शनसारखेच पैसे देणारी दुसरी जोडणी करायची. समजा या युनिटमधला थोडा हिस्सा विकत घेतला आणि त्यासाठी काही पैसे 7 टक्के या बिनजोखमीच्या दराने उसने घेतले. ऑप्शनमध्ये चांगल्या-वाईटाचा फरक 35, युनिटमध्ये 120, म्हणून हिस्सा 35 भागिले 120, साधारण 29.17 टक्के. आजच्या 200 वर त्याची किंमत 58.33 लाख. वाईट वर्षी या हिश्श्याचे 43.75 लाख मिळतील, आणि तेव्हा हातात शून्य उरायला हवं, म्हणून परतफेड तेवढीच ठेवायची, म्हणजे आज उसने 43.75 भागिले 1.07, 40.89 लाख. चांगल्या वर्षी त्याच हिश्श्याचे 78.75 मिळतील, परतफेड जाऊन उरले 35. दोन्हीकडे ऑप्शनसारखंच. मग खिशातून गेले किती? 58.33 वजा 40.89, दशांश नीट धरले तर 17.45 लाख. तीच ऑप्शनची किंमत. आणि यात 70 टक्के कुठेच लागले नाहीत, कारण तो अंदाज 200 मध्ये आधीच मुरलेला आहे.

दर वेळी ही जोडणी करत बसायला नको म्हणून तेच गणित असं लिहितात, C म्हणजे ऑप्शनची किंमत:

```
p = (200 × 1.07 − 150) / (270 − 150) = 0.5333
C = (p × 35 + (1 − p) × 0) / 1.07 = 17.45
```

हा p म्हणजे चांगल्या वर्षाची खरी शक्यता नाही, हिशोबापुरतं वजन आहे. तुमची शीट बरोबर आहे का हे बघायचं असेल तर हेच वजन युनिटलाच लावून बघा: 270 ला 0.5333, 150 ला 0.4667, बेरीज 214, भागिले 1.07, परत 200 यायला पाहिजे. नाही आले तर कुठेतरी दर किंवा वजन मिसळलंय. आणि p एकच्या वर किंवा शून्याच्या खाली गेला तर तुमच्या दोन शक्यताच चुकल्या आहेत, 214 हा आकडा त्या दोघांच्या मधे पडायलाच हवा.

आता मगाचा प्रश्न, ऑप्शनला कुठला दर लावायचा होता? 24.5 ला 17.45 ने भागा, 1.404 येतं, म्हणजे 40 टक्क्यांच्या वर. 58 लाखांचा हिस्सा घेतलाय आणि त्यातले 41 उसने आहेत, इतक्या कर्जावरच्या गोष्टीला 17 टक्के पुरणार कसे.

तर मायनस 10 अधिक 17.45, प्रोजेक्ट 7.45 लाखांनी प्लसमध्ये. तयारीचे 8 लाख काढले तर, आणि मग नंतर वाढवणंच शक्य नसेल तर, मायनस 2. धाकट्याला मी एवढंच दाखवलं की 8 लाख वाचवताना 17.45 लाखांची गोष्ट जातेय. त्यावर त्याने चांगला प्रश्न विचारला, मग आत्ताच मोठं का नाही बांधायचं? त्याचाही हिशोब करून बघितला. आत्ताच ठरवून टाकलं की वर्षाने 100 लाख घालणारच, तर किंमत 300, खर्च 210 आणि वर्षाने द्यायच्या 100 चे आजचे 93.46, एकूण 303.46, म्हणजे मायनस 3.46. थांबून बघण्याची मुभा या दोघांमधला 10.9 लाखांचा फरक आहे, आणि तो सगळा वाईट वर्षीचे 25 लाख वाचण्यातून येतो.

यात मला स्वतःला सगळ्यात कमी भरवसा कशाचा असेल तर तो 270 आणि 150 चा. हे आकडे युनिटची शीट परत चालवून काढायचे, चेंबर किती भरले आणि भाडं किती मिळालं हे बदलून, मनाने टाकायचे नाहीत. आजच्या किमतीच्या 1.35 पट आणि 0.75 पट म्हणजे वर्षाला साधारण 30 टक्के चढउतार झाला. तोच कमी धरून 230 आणि 180 घेतले तर चांगल्या वर्षीचा फायदा 15 वर येतो, p होतो 0.68, ऑप्शन 9.53 लाख, आणि प्रोजेक्ट परत मायनस अर्ध्या लाखात. उलट ज्याला प्रोजेक्ट पास करून घ्यायचाच आहे तो दोन टोकं लांब लांब ओढतो आणि ऑप्शन हवा तेवढा फुगवतो, तर कोणी असा रिपोर्ट समोर ठेवला तर पहिलं बोट या दोन आकड्यांवर ठेवा.

दुसरं म्हणजे ते 100 लाख. ऑप्शन वर्षाने याच किमतीत काम होईल असं गृहीत धरतो. पॅनल आणि कंप्रेसरचं कोटेशन 120 वर गेलं तर चांगल्या वर्षीचा फायदा 15 उरतो, ऑप्शन 7.48, एकूण मायनस 2.52. शिवाय चांगल्या वर्षी शेजारचाही कोल्ड स्टोरेज टाकणार, मग तुमचं 270 टिकेल का हेही बघायचं, शेअरच्या ऑप्शनमध्ये ही भानगड नसते. युनिट बाजारात विकलं जात नाही, त्यामुळे 200 ही त्याची ‘बाजारातली किंमत’ समजणं हेही आपलंच गृहीतक आहे, 200 च चुकलं असेल तर पुढचं सगळं त्याच्याबरोबर चुकतं. आणि त्या 200 मध्ये कोणी आधीच ‘तिसऱ्या वर्षापासून क्षमता दीडपट’ असं धरलेलं नाही ना ते बघून घ्या, नाहीतर तीच वाढ दोनदा मोजली जाते.

बँकेसाठी मी हे वेगळ्या पानावर देतो, मुख्य शीटमध्ये घालत नाही, कारण बँकेला वाईट वर्षी हप्ता जातो का हे बघायचं असतं, आणि त्या वर्षी ऑप्शनची किंमत शून्यच आहे. दोघा भावांनी 8 लाख ठेवले. विस्ताराच्या पॅनलचा भाव वर्षभर बांधून मिळतो का, हे आता धाकटा कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी मागतोय.