कावळा पिऊन राहिला

मे महिन्यात नागपुरात रात्री साडेदहालाही गादी गरम लागते. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून मी लेकीला झोपताना स्पॅनिश गोष्ट वाचून दाखवतो. गोष्ट आपलीच, तहानलेल्या कावळ्याची. वाक्यं दहा-बारा, सगळी वर्तमानकाळात. ‘एल क्वेर्बो तिएने सेद.’ आपल्याला तहान लागते, त्यांच्याकडे ती असते.

तिसऱ्या वाक्यात ‘ला खार्रा’ येते, म्हणजे सुरई. घशातून ख काढायचा आणि पुढचा र जीभ थरथरवून. लेकीला तो र जमेना, म्हणून दोघांनी पाच-सहा वेळा मोठ्यानं घोकला. पलीकडच्या खोलीतून आई कडाडली, “काय रे, पोरीले खर्रा कायले शिकवून राहिला?” पानठेल्यावर पन्नीत घोटतात तो तंबाखूचा खर्रा नव्हे, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

खरी अडचण पुढे होती. ‘एल क्वेर्बो एस लिस्तो’ म्हणजे कावळा हुशार आहे. खडे टाकून झाल्यावर मात्र ‘एस्ता लिस्तो’, म्हणजे आता तो प्यायला तयार आहे. शब्द तोच, क्रियापद बदललं की अर्थ बदलला. आपल्याकडे दोन्हीला एकच ‘आहे’. कायमचं असेल तर ‘एस’, तात्पुरतं असेल तर ‘एस्ता’, असा नियम शिकवतात. लेकीनं लगेच विचारलं, “बाबा, कावळा मेला तर?” तर ‘एस्ता मुएर्तो’. मरण तात्पुरतं कसं, याचं उत्तर त्या नियमात नाही. माझ्या मते ‘एस’नं कावळा कसा आहे ते कळतं आणि ‘एस्ता’नं त्याचं काय झालंय ते. मेला, तयार झाला, दमला, सगळं त्यातच.

शेवटच्या वाक्यानं मात्र मी उठून बसलो. ‘एल क्वेर्बो एस्ता बेबिएन्दो.’ पुस्तकी मराठीत कावळा पाणी पीत आहे. पण आमच्या नागपुरीत? कावळा पाणी पिऊन राहिला! ‘एस्ता’चं मूळ क्रियापद ‘एस्तार’, आणि ते लॅटिनमधल्या उभं राहण्याच्या क्रियापदातून आलेलं. ‘बेबिएन्दो’ म्हणजे पिऊन, ‘एस्ता’ म्हणजे राहिला. पुण्याचे नातेवाईक ज्या ‘राहिला’ला हसतात, तोच इथे चपखल बसला. सगळीकडे चालत नाही म्हणा. ‘एस्ता एन एल आर्बोल’चं भाषांतर ‘झाडावर राहतो’ केलं, तर बसलेल्या कावळ्याचं तिथे घरच होऊन जातं.

मग आम्ही खेळच मांडला. ‘बुस्कान्दो’? “शोधून राहिला.” ‘एल आग्वा एस्ता सुबिएन्दो’? लेकीचे डोळे मिटत आले होते. उत्तर पलीकडच्या खोलीतून आलं. “अरे, पाणी वर आलं का नाही त्याचं?”

“चढून राहिलं, आई.”

“मंग पिऊ दे त्याले. लाइट बंद कर.”