‘फराळ’ची पाटी आणि शिरोरेषेतला काटा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत सीएनसी मशीनवर अक्षरं कापून देणाऱ्या एका वर्कशॉपकडून मला प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळायचं, ‘फाइलमां लोचो छे.’ लोचा कुठे आहे, कोणत्या अक्षरात आहे, काही नाही. मी फाइल दुरुस्त करून पाठवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच वाक्य यायचं. त्यांच्या सॉफ्टवेअरला चूक कुठे आहे ते दिसत होतं. स्क्रीनचा एक फोटो पाठवला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं. हा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काम साधं होतं. दांडिया बाजारातल्या मावशीच्या दुकानावर ‘फराळ’ एवढाच शब्द उठावाच्या अक्षरांत लावायचा होता. पाटी ६०० मिमी रुंद, १८ मिमी जाड पीव्हीसी फोम शीटची, आणि पुढच्या कडा गोलसर उतरत्या. लोगो तिच्या मिठाईच्या खोक्यांवर आधीपासूनच होता आणि त्याची एसव्हीजी फाइल हाताशी होती. छपाईसाठी ती उत्तम होती, पण छपाईत न दिसणाऱ्या गोष्टी लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये लगेच दिसतात.

आधी उतार किती ठेवायचा ते ठरवा. मला ४ मिमी हवा होता. पण लोगोतल्या ‘ळ’ची सगळ्यात बारीक रेघ ६ मिमीची होती. दोन्ही बाजूंनी चार-चार मिमी उतार दिला, तर ८ मिमी लागतात. मग दोन्हीकडचे उतार मध्येच एकमेकांत घुसतात आणि त्या जागी पृष्ठभाग उलटा वळतो. म्हणून सगळ्यात बारीक रेघ मोजा आणि उतार तिच्या निम्म्याहून कमी ठेवा. मी २.५ मिमी घेतला, त्यामुळे ‘ळ’च्या माथ्यावर १ मिमीची सपाट पट्टी राहिली.

ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी आणली की ती वक्ररेषा म्हणून येते. आधी Dimensions मध्ये रुंदी ६०० मिमी करा, X चा Scale जितका होईल तितकाच Y लाही द्या, मग Ctrl+A मधून Scale पक्कं करा, नाहीतर पुढचे आकडे खोटे ठरतात. वक्ररेषेच्या Geometry विभागात Extrude दोन्ही बाजूंना जातं. उतारही दोन्हीकडे येतो आणि तो बाह्यरेषेच्या बाहेर फुगतो. उतार २.५ दिला, तर Offset उणे २.५ द्यावा लागतो, तेव्हाच अक्षर मूळ मापात राहतं. मी Extrude १५.५ मिमी आणि Bevel Depth २.५ मिमी ठेवलं. १५.५ आणि २.५ मिळून मध्यापासून पुढे १८ मिमी होतात. नंतर मेश करून Bisect ने मध्यावर कापलं, मागचा अर्धा भाग टाकून दिला आणि कापलेल्या जागी Fill ने सपाट पाठ भरली. पुढे गोल कड, मागे भिंतीला चिकटणारी सपाट बाजू.

इथवर काहीच अडलं नाही. अडलं ते शिरोरेषेवर.

देवनागरीत प्रत्येक अक्षराची स्वतःची शिरोरेषा असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. कागदावर एकच काळी पट्टी दिसते. ब्लेंडरमध्ये मात्र ‘फ’, ‘र’, काना आणि ‘ळ’ हे एकमेकांत शिरलेले वेगळे ठोकळे होतात आणि प्रत्येक सांध्यावर उताराची एक आडवी खाच पडते. उपाय सगळे सांगतात, इंकस्केप या एसव्हीजी फाइल दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं निवडून Path मधलं Union करा. ते केलं. खाचा गेल्या, पण ‘र’ आणि काना यांच्या सांध्यावर एक काटा उभा राहिला. पातळ, वाकडा, पृष्ठभागातून बाहेर आलेला. वर्कशॉपचा लोचा हाच होता, हे मला नंतर कळलं.

कारण समजून घ्यायला मी तो सांधा खूप मोठा करून पाहिला. लोगो करताना कुणीतरी ‘र’ हाताने किंचित वर सरकवलेला होता, फार तर ०.१ मिमी. Union झाल्यावर तिथे एवढीशी पायरी उरली, म्हणजे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दोन बिंदू आणि दोघांवर काटकोनाची उलटसुलट वळणं. उतार देताना ब्लेंडर प्रत्येक बिंदू त्याच्या वळणाप्रमाणे २.५ मिमी आत सरकवतो. पायरीची उंची ०.१ आणि सरकणं २.५. मग एक बिंदू दुसऱ्याला ओलांडून पलीकडे जातो आणि मधला पृष्ठभाग दुमडतो. उतार जितका मोठा, तितका काटा लांब.

Ctrl+L ने Simplify करून पाहू नका. पायरी जाते, पण ‘ळ’ची वळणंही ढिली पडतात आणि लोगो ओळखू येत नाही. बिंदू एकेक पुसणंही कटकटीचं आहे, कारण Delete केल्यावर इंकस्केप आकार टिकवायला शेजारच्या रेषा वाकवतो.

मला लागू पडलं ते असं. Union च्या आधी संपूर्ण शिरोरेषेवर एकच आयत काढला, सगळ्या अक्षरांच्या रेषांपेक्षा वर ०.२ मिमी आणि खाली ०.२ मिमी जास्त. सगळ्या पायऱ्या त्याच्या पोटात गेल्या. मग आयतासकट Union केलं. आता वरची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेषा, आणि खाली दांड्यांपाशी स्वच्छ कोपरे. ०.४ मिमीची वाढ ६०० मिमीच्या पाटीत कुणाला दिसत नाही. ज्यांच्या लोगोत शिरोरेषा लपेटदार आहे, त्यांना हा आयत चालणार नाही, तिथे हातानेच बिंदू जुळवावे लागतील.

एक राहिलं, तेही Union च्या आधीचं. लोगोत नुसती जाड रेघ म्हणून काढलेलं काही असेल, तर आधी Stroke to Path करा, नाहीतर ब्लेंडरला रेघेची जाडी दिसतच नाही.

मेश झाल्यावर काटा नाही याची खात्री डोळ्यांवर सोडू नका. वक्ररेषेपासून बनलेल्या मेशमध्ये वरची टोपी आणि उतार एकमेकांना शिवलेले नसतात. सगळं निवडून Merge by Distance करा, Alt+A ने निवड काढून टाका, मग Select मधून Non Manifold निवडा. एकही कड उजळली नाही, तर वस्तू बंद आहे. उजळली, तर दोष नेमका कुठे आहे ते समोर दिसतं. ही तपासणी आहे हे कुणी सांगितलं असतं, तर मकरपुऱ्याच्या फेऱ्या वाचल्या असत्या. पण ती दुमडलेला पृष्ठभाग प्रत्येक वेळी पकडत नाही, म्हणून कडेवरचा प्रकाश फिरवून सांधेही पाहा.

वर्कशॉपला आधीच दोन गोष्टी विचारा. पहिली, अवजार किती जाड आहे. १८ मिमी खोल कापायला त्यांनी ६ मिमीचं अवजार लावलं, तर आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण येत नाही. दांडा आणि शिरोरेषा जिथे मिळतात, तिथे तेवढी गोलाई स्वतःच काढा, म्हणजे ती सगळीकडे सारखी येते. दुसरी, उतार सरळ ४५ अंशाचा चालेल का. चालत असेल, तर त्रिमिती फाइल लागतच नाही. नुसती बाह्यरेषा द्या, ते ९० अंशांच्या व्ही-बिटने कड मारतात. मला गोल कड हवी होती, म्हणून एसटीएल आवश्यक होती आणि Bevel Resolution ६ ठेवलं.

एसटीएलमध्ये एकक लिहिलेलं नसतं. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो आणि मशीन मिलिमीटर समजतं, म्हणून निर्यात करताना Scale १००० द्या, नाहीतर तुमची पाटी पाऊण मिलिमीटरहूनही लहान होऊन उघडेल. फाइलसोबत कागदावर ‘रुंदी ६०० मिमी’ लिहून दिलंत, तर उघडताच त्यांना पडताळता येतं. काटा काढलेली फाइल अशी पाठवली आणि त्या वेळी वर्कशॉपकडून उत्तर आलं ते फक्त बिलाचं.